नॉब तीनवर, दूध नऊ अंशांवर

फ्रिजच्या आतल्या नॉबवर एक ते पाच किंवा एक ते सात असे आकडे असतात, काही नॉबवर आकड्यांऐवजी ऋतूंची नावं असतात, आणि बहुतेक घरांत तो नॉब फ्रिज आणला त्या दिवशी डिलिव्हरीवाल्याने जिथे ठेवला तिथेच वर्षानुवर्षं असतो. हे आकडे अंश सेल्सिअस नाहीत. तीन म्हणजे तीन अंश नव्हे आणि एक म्हणजे सगळ्यात थंड, असंही नव्हे. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की थंडी वाढते, पण ती किती वाढते ते नॉब सांगत नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसतं. बाहेर किती उकडतंय, आत काय आणि किती भरलंय, बर्फाचा थर किती चढलाय, दार किती वेळा उघडतंय, या सगळ्यावर आतलं तापमान ठरतं. म्हणून 'फ्रिज कितीवर ठेवावा' या प्रश्नाला नॉबच्या आकड्यात उत्तर देणारा सल्ला फोल असतो. उत्तर अंशांतच द्यावं लागतं, आणि अंश मोजायचे तर फ्रिजमध्ये थर्मामीटर हवा. दारात काय ठेवावं आणि किती भरावं, हे स्वतंत्र वाटणारे प्रश्नही मुळात याच मोजमापाचे आहेत.

अंशांबद्दल जगात फारसा वाद नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच अंशांखाली म्हणते, ब्रिटनमध्ये पाच किंवा त्याहून कमी सांगतात, अमेरिकेत चाळीस फॅरनहाइट म्हणजे साधारण साडेचार अंश ही वरची मर्यादा धरतात. बर्फाच्या कप्प्यासाठी उणे अठरा हा आकडा सर्वमान्य आहे, मात्र एका दाराच्या साध्या फ्रिजचा छोटा कप्पा दर वेळी तिथवर पोहोचतोच असं नाही. पाचचा आकडा हवेतून आलेला नाही. साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू साधारण पाच ते सात अंशांच्या खाली वाढत नाहीत. ते मरत नाहीत, फक्त वाढ थांबते, आणि घरात तेवढं पुरतं. लिस्टेरिया हा अपवाद. तो शून्याच्या आसपासही हळूहळू वाढतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलंय म्हणजे आठवडाभराची बेगमी झाली असं गर्भवतींनी आणि वृद्धांनी तरी धरू नये. मग सरळ शून्यावरच का नेऊ नये? कारण तिथे काकडी, टोमॅटो, कोथिंबीर गोठून पाणी सोडतात, दह्याचा पोत बिघडतो आणि विजेचं बिल वाढतं. मधल्या कप्प्यात तीन ते चार अंश हे लक्ष्य ठेवलं की दिवसभराच्या उघडझापीत पारा अंशभर चढला तरी पाचच्या आत राहतो.

आता ते गाठणं नॉबला एकट्याला का जमत नाही, हे समजायला एका दाराचा, वर बर्फाचा छोटा कप्पा असलेला फ्रिज घेऊ. महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत हाच असतो. यात पंखा नसतो. वरचा बर्फाचा कप्पा म्हणजेच थंडीचा उगम. त्याच्या पत्र्याभोवतीची हवा गार होऊन जड होते, खाली उतरते, वस्तूंची उष्णता घेते आणि पुन्हा वर जाते. थर्मोस्टॅटची तार बहुधा त्या पत्र्यालाच चिकटवलेली असते. म्हणजे तो पत्र्याचं तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. मधल्या कप्प्यातल्या दुधाची खबर त्याला नसते. डिसेंबरात बाहेर वीस अंश असताना भिंतींतून आत झिरपणारी उष्णता कमी असते, तेव्हा तोच पत्रा खालचे कप्पे जास्त गार करतो आणि चिलर ट्रेखालची कोथिंबीर गोठते. मे महिन्यात बाहेर चाळीस झाले की पत्रा तितकाच थंड असूनही खालचा भाग तापलेला राहतो. नॉबवर ऋतूंची नावं छापण्यामागे हेच कारण. फ्रिजच्या लेबलवर हवामानाचा वर्गही दिलेला असतो. इंग्रजी 'टी' अक्षराचा उष्ण प्रदेशाचा वर्ग ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो, 'एसटी' ३८ पर्यंत, 'एन' ३२ पर्यंत. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात बाहेरचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तिथल्या पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात 'एन' वर्गाचा फ्रिज लावून वर नॉबला दोष देणं अन्यायाचं आहे.

शिवाय फ्रिजला एक तापमान नसतंच. एकाच वेळी बर्फाच्या कप्प्याखाली एक-दोन अंश, मधे चार-पाच, भाजीच्या ट्रेमध्ये सात-आठ आणि दारात दहाच्या वर, असं चित्र चांगल्या स्थितीतल्या साध्या फ्रिजमध्येही दिसू शकतं. दार सर्वांत उबदार असण्याची कारणं उघड आहेत. ते थंडीच्या उगमापासून सगळ्यात लांब, आणि उघडलं की आख्खं स्वयंपाकघराच्या हवेत येतं. आतल्या वस्तू निदान आपल्या जागी तरी राहतात. फ्रिज बनवणाऱ्यांनी मात्र दारातच उंच बाटल्यांची सोय केली, अंड्यांच्या खोबणी केल्या, काहींनी दुधासाठीही तिथेच जागा काढली. त्यामुळे कंपनीनेच जागा दिली म्हणजे ती योग्य असणार, हा समज घट्ट झाला. खरं तर ती जागा आकाराच्या सोयीने ठरलेली आहे. बाटली उभी राहते म्हणून ती दारात जाते.

मग दारात काय शोभतं? ज्यांना टिकवण्याचं काम थंडीआधीच मीठ, साखर, आंबट किंवा तेल यांनी केलेलं आहे ते सगळं. लोणचं, टोमॅटो सॉस, जॅम, कोकम आगळ, साखरेच्या पाकातलं सरबत, मोहरीची पेस्ट, चिंचेचा कोळ, पिण्याचं पाणी. यांना दहा-बारा अंश चालतात. दूध, ताक, पनीर, चक्का, ओल्या खोबऱ्याची चटणी, उरलेली आमटी यांना चालत नाहीत. उघडलेली दुधाची पिशवी दारात अडकवण्याची पद्धत घरोघरी दिसते. तीच पिशवी पातेल्यात घालून मधल्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवली तर ती किती जास्त टिकते, हे उन्हाळ्यात आठवडाभरात कळतं. अंड्यांच्या बाबतीत थोडा खुलासा हवा. आपल्याकडे अंडी किराणा दुकानात उघड्यावरच विकली जातात, तेव्हा दारात ठेवल्याने आभाळ कोसळतं असं नाही. पण एकदा गार झालेलं अंडं दर उघडझापीला कोमट-गार होत राहिलं की उष्ण दमट हवेत त्याच्या कवचावर पाणी सुटतं, आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरायला मदत होते. फ्रिजमध्ये ठेवायचीच असतील तर खोबणीचा मोह सोडून डब्यात घालून आतल्या कप्प्यात ठेवावीत. मासे आणि मटण यांची जागा बर्फाच्या कप्प्याखालचा चिलर ट्रे. तो नसेल तर सगळ्यात खालचा कप्पा, झाकणबंद डब्यात, म्हणजे रस गळला तरी तो कोशिंबिरीवर पडत नाही.

आता भरण्याचं. 'फ्रिज खच्चून भरू नये' हे सगळेच सांगतात, पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक म्हणजे आत आणलेली उष्णता, दुसरी म्हणजे अडलेली हवा. पहिलीचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने गार करायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. उन्हाळ्यात घरात रोज संध्याकाळी सहा लिटर पाण्याच्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या, पाणी ३५ अंशांचं आणि हवंय १० अंशांचं, तर ६ गुणिले ४.२ गुणिले २५, म्हणजे ६३० किलोज्यूल. छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सेकंदाला शंभर ज्यूल उष्णता बाहेर काढतो असं धरलं, तर निव्वळ या पाण्यासाठी त्याला पावणेदोन तास सलग चालावं लागेल. भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि संध्याकाळची वर्दळ वेगळीच. याउलट दार एकदा उघडल्यावर आतली सगळी हवा बदलली, तरी त्या हवेबरोबर येणारी उष्णता साधारण पेलाभर कोमट पाण्याइतकीच असते, कारण हवा वजनाला नगण्य. मुलांना 'दार उघडं ठेवू नकोस' म्हणून ओरडणाऱ्या घरात फ्रिजवर खरा भार पाण्याच्या बाटल्यांचा असतो, ही गंमत आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पिण्याचं पाणी माठात ठेवलं तर फ्रिज अक्षरशः मोकळा श्वास घेतो. कोकणात दमट हवेमुळे माठ तितका गार होत नाही, तिथे बाटल्या एकदम न भरता रिकामी होईल तशी एकेक भरावी.

दुसरी गोष्ट हवेची. पंखा नसलेल्या फ्रिजमध्ये थंड हवा फक्त स्वतःच्या वजनाने खाली येते, तीही कप्प्यांच्या जाळीतून किंवा काचेच्या कप्प्यामागे सोडलेल्या फटीतून. ही वाट बंद करण्यात आपण तरबेज आहोत. कप्प्यांवर डाग पडू नयेत म्हणून बाजारात मिळणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या मॅट अंथरल्या जातात, जाळीवर वर्तमानपत्र घातलं जातं, कापडी पिशव्यांतली पालेभाजी मागच्या भिंतीला टेकवून ठासली जाते. काचेच्या कप्प्यावर आखूड मॅट, मागची फट मोकळी ठेवून, चालते. जाळीवर मात्र मॅट म्हणजे वरच्या थंडीला खाली यायला बंदी. ओळखायची खूण अशी की वर दूध गोठल्यासारखं होतं, खाली इडलीचं पीठ दुसऱ्या दिवशीच डब्याचं झाकण उचलून फसफसतं. पंखा असलेल्या दोन दारांच्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीत हवेची भोकं असतात. तिथे मोठं पातेलं टेकलं की त्या पातेल्यातलं गोठतं आणि बाकीचं उबदार राहतं. बर्फाच्या कप्प्याचं गणित याच्या उलट. तो भरलेला बरा, कारण गोठलेला साठा थंडी धरून ठेवतो. वीज गेल्यावर दार बंद ठेवलं तर भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस तग धरतो, असं अमेरिकेतलं मार्गदर्शन आहे. खालच्या भागाला मात्र ते चारच तास देतात. आपल्याकडच्या छोट्या कप्प्याला आणि आपल्या उकाड्याला तेही उदार मानावेत.

इथे हटकून येणारा आक्षेप असा की आपण अन्न पुन्हा खळखळून उकळतोच, मग चार अंश की नऊ, काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसतो भातात. तांदळावर 'बॅसिलस सीरियस' या जंतूचे बीजाणू असतात. शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि त्यांचे काही प्रकार उलटीचं विष तयार करतात. ते विष फोडणीच्या भाताच्या आचेने नष्ट होत नाही. स्टॅफिलोकोकसचं विषही असंच उकळीला दाद न देणारं. म्हणजे उकळल्याने जंतू मेले तरी त्यांनी करून ठेवलेलं तसंच राहतं. यातूनच दुसरी शंका निघते: गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवायचं नाही ना? वाफाळतं पातेलं नकोच, वरच्या हिशेबाने ते शेजारच्या दुधालाही तापवतं. पण 'पूर्ण गार होऊ दे' म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवणं जास्त घातक. शिजलेलं अन्न दोन तासांत, आणि खोली ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासात फ्रिजमध्ये जावं, असा नियम सांगितला जातो. त्यासाठी भात परातीत पसरून पंख्याखाली निववावा, आमटी दोन उथळ डब्यांत वाटावी, दुधाचं पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून हलवावं. अर्ध्या तासात हे सगळं फ्रिजमध्ये जाण्याजोगं होतं.

थर्मामीटर या सगळ्याचा निवाडा करतो. तो काही शे रुपयांना मिळतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही, कारण तो ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतो. आणि पाऱ्याचा काचेचा अन्नाजवळ ठेवूच नये. साधा लाल किंवा निळ्या द्रवाचा, किंवा वायर असलेला डिजिटल, दोन्ही ठीक. तो नुसता जाळीवर टांगला तर हवेचं तापमान दाखवतो आणि दार उघडताच आकडा उड्या मारतो. म्हणून पाणी भरलेल्या पेल्यात बुडवून पेला मधल्या कप्प्याच्या मध्यभागी ठेवावा आणि रात्रभर राहू द्यावा. पाण्याचं तापमान म्हणजे जवळपास दुधाचंच. सकाळी फ्रिज पहिल्यांदा उघडताना एकदा वाचावं, संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर एकदा. सकाळचा आकडा फ्रिजची कुवत सांगतो, संध्याकाळचा त्याच्यावर पडलेला ताण. थर्मामीटरच खोटं बोलत असेल तर? तेही तपासता येतं. पेला चुरलेल्या बर्फाने गच्च भरून त्यात थोडं पाणी घालावं, थर्मामीटर घालून ढवळावं, पाच मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. दोन दाखवत असेल तर फेकायची गरज नाही. दर वेळी दोन वजा करावेत.

नागपुरातलं एक नमुन्याचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणू. मे महिना, खोलीत अडतीस अंश, एका दाराचा फ्रिज, नॉब पाचपैकी तीनवर. पेल्यातला थर्मामीटर सकाळी ९ दाखवतो आणि संध्याकाळी १२. दारातल्या पाण्यात बुडवला तर १४. पहिला मोह नॉब पाचवर नेण्याचा. तसं केलं तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, पत्र्यावर बर्फ आणखी चढतो आणि दुसऱ्या दिवशी मधला आकडा जेमतेम ८ होतो. कारण अडचण थंडी बनवण्यात नव्हती, ती खाली पोहोचण्यात होती. बर्फाचा थर बोटभर झाला होता, आणि बर्फ स्वतः थंड असला तरी पत्रा आणि हवा यांच्यात तो गोधडीसारखा बसतो. म्हणून आधी डीफ्रॉस्टचं बटण दाबून बर्फ वितळवायचा (सुरीने खरवडायचा नाही, पत्र्याला भोक पडलं की गॅस गेला). मग जाळीवरच्या मॅट काढायच्या, पाण्याच्या बाटल्या माठाकडे वळवायच्या, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायचा, म्हणजे मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतली उष्णता बाहेर पडेल. नॉब पुन्हा तीनवर. दुसऱ्या सकाळी ६ दिसतात. आता नॉब चारवर, आणि एक रात्र थांबायचं. एका दिवसात दोनदा फिरवलं तर कशाने काय झालं ते कळत नाही. सकाळी ४, संध्याकाळी ६. दूध दारातून आत आणलेलं असल्यामुळे हे चालण्यासारखं आहे. जूनमध्ये पाऊस पडून खोली अठ्ठावीसवर आली की हाच फ्रिज सकाळी १ दाखवू लागेल, तेव्हा नॉब तीनवर परत.

ज्यांच्या फ्रिजच्या दारावरच अंश चमकतात त्यांना हे सगळं जुन्या फ्रिजवाल्यांचं दुखणं वाटेल. पण तो आकडा बहुतेकदा आपण मागितलेलं तापमान दाखवतो, किंवा फार तर सेन्सर जिथे बसवलाय तिथल्या हवेचं. मॅट, टेकलेलं पातेलं, दारातलं दूध यांची त्याला दखल नसते. 'इतकी वर्षं कुणी आजारी पडलं नाही' हा युक्तिवाद खोडायला कठीण, कारण पोट बिघडलं की दोष बाहेरच्या पाणीपुरीला जातो. पण आजार बाजूला ठेवला तरी दूध नासणं, पीठ आंबणं, कणीक काळी पडणं हे पैशांतच मोजता येतं.

सगळं करूनही पेल्यातला आकडा पाचच्या खाली येत नसेल तर मेकॅनिकला बोलवायचं, आणि तेव्हा दोन-तीन दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहिलेला कागद हातात असावा. 'फ्रिज नीट गार करत नाही' एवढ्यावर गॅस भरण्याचं बिल सहज लावलं जातं. कॉम्प्रेसर अखंड चालतोय आणि पत्र्याच्या एका कोपऱ्यातच बर्फ जमतोय, बाकी पत्रा कोरडा, तर गॅस कमी झाल्याचा संशय रास्त. पण गॅस आपोआप संपत नाही, तो कुठून तरी गळतो, म्हणून भरण्याआधी गळती शोधायला सांगावं. पत्रा सगळीकडे सारखा पांढरा होतोय, कॉम्प्रेसर बंदही होतोय, पण मधे आकडा ८ आहे, तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या सुटलेल्या तारेचा, आणि तो भाग गॅस भरण्यापेक्षा बराच स्वस्त. सकाळचा आकडा चांगला आणि दुपारी फक्त दाराकडचाच वाढतोय, तर दाराचं रबर बघावं: कागदाची पट्टी दारात धरून ओढली आणि ती सुळकन निघाली तर त्या जागी रबर धरत नाही. आधी ते साबणाच्या पाण्याने पुसून पाहावं, कारण पुष्कळदा रबर फाटलेलं नसतं, तेलकट मळाने नुसतं चुंबकापासून सुटलेलं असतं.